बॅग तुमच्या ताब्यातून गेली, हिशेब मात्र आम्ही द्यायचा : विमान कंपनीच्या सामान-दावे विभागास खुले पत्र

प्रति,
प्रमुख, ग्राहक-सेवा व सामान-दावे विभाग

माहितीसाठी प्रत : नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

महोदय,

आपल्या कंपनीचे नाव मी या पत्रात घेतलेले नाही. माझ्या दाव्याचा क्रमांक आपल्या दप्तरी आहे, त्यामुळे हे पत्र कोणासाठी आहे ते आपल्याला लगेच समजेल. शिवाय ज्या अर्जाबद्दल मी लिहिते आहे तसा अर्ज इतरही कंपन्या वापरतात, आणि परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आमच्या वयाच्या अनेक मंडळींना तो कधी ना कधी भरावा लागतो. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

माझी नोकरी साधारण विमा क्षेत्रात, दावे तपासण्याच्या खात्यात झाली. दावा-अर्ज कसा तयार होतो, त्यातला कुठला रकाना खरोखर माहितीसाठी असतो आणि कुठला अर्जदाराने कंटाळून नाद सोडावा म्हणून असतो, हे मला टेबलाच्या आपल्या बाजूने माहीत आहे. आपला अर्ज वाचताना मला राग येण्याआधी ओळख पटली, असे म्हटले तरी चालेल.

आधी प्रकरण सांगते. गेल्या हिवाळ्यात मी आणि माझे यजमान मुंबईहून आखातात विमान बदलून टोरंटोला मुलाकडे गेलो. तिकीट जाण्या-येण्याचे, मुंबईत काढलेले. मुंबईच्या काउंटरवर दोन बॅगा दिल्या. टोरंटोला पट्ट्यावर एकच आली. तिथल्याच खिडकीवर आम्ही सामान न मिळाल्याचा अहवाल नोंदवला, ज्याला सगळे ‘पी.आय.आर.’ म्हणतात. त्यावर YYZ ही टोरंटो विमानतळाची तीन अक्षरे, मग कंपनीची दोन अक्षरे आणि पाच आकडे असा क्रमांक मिळाला. कर्मचारी मुलीने बॅगांच्या आकारांचा तक्ता पुढे करून आमच्या बॅगेसारखी कुठली ते बोटाने दाखवायला सांगितले, रंग विचारला, चाके व कुलूप कसे आहे ते विचारले. ती नम्र होती, आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यानंतर आपले संदेश सुरू झाले : ‘आपले सामान उशिराने येत आहे. शोध सुरू आहे. सध्या आपल्याकडून कोणत्याही कृतीची आवश्यकता नाही.’ ती बॅग आजतागायत आलेली नाही.

माझी पहिली तक्रार याच शेवटच्या वाक्याबद्दल आहे. आमच्याकडून कृतीची आवश्यकता नाही, हे खरे नाही, आणि आपल्याला ते माहीत आहे. आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारत २००९ मध्ये त्यात सामील झाला आणि तो करार आपल्या देशाच्या १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्याला परिशिष्ट म्हणून जोडलेला आहे. कॅनडाही त्यात आहे. या करारात एकवीस दिवसांचा उल्लेख दोन ठिकाणी येतो आणि दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. उशिरा का होईना बॅग हाती आली, तर उशिरामुळे झालेल्या नुकसानीची लेखी तक्रार बॅग ताब्यात मिळाल्यापासून एकवीस दिवसांत करावी लागते. ती केली नाही तर दावा संपतो. बॅग मोडलेल्या किंवा फाटलेल्या स्थितीत आली, तर ही मुदत सातच दिवसांची आहे. दुसरा उल्लेख बॅग मुळीच न येण्याबद्दल आहे : ज्या दिवशी ती यायला हवी होती त्या दिवसापासून एकवीस दिवस उलटले, की प्रवासी ती हरवली असे धरून हक्क मागू शकतो. त्यासाठी आपण ‘हरवली’ असे कबूल करण्याची गरज नाही.

आता आपले संदेश या दोन्हींच्या शेजारी ठेवून पाहावेत. बॅग सापडून घरी पोचली, की आपला शेवटचा संदेश ‘प्रकरण बंद झाले’ असे सांगतो. लेखी तक्रारीचे घड्याळ त्याच दिवशी सुरू झाले, याचा त्यात उल्लेख नसतो. बॅग आलीच नाही, तर एकवीस दिवस उलटून गेल्यावरही ‘शोध सुरू आहे’ हेच वाक्य येत राहते. आमच्या बाबतीत ते पुढे कितीतरी आठवडे येत राहिले. त्याच काळात आपल्या अर्जाच्या माथ्यावर मात्र ‘विमान पोचल्याच्या तारखेपासून एकवीस दिवसांत अर्ज न आल्यास दावा विचारात घेतला जाणार नाही’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. न आलेल्या बॅगेसाठी अशी अट करारात कुठेही नाही. तिथे आहे ती दोन वर्षांत दावा दाखल करण्याची मर्यादा. म्हणजे जी मुदत खरी आहे ती सांगायची नाही, जी खरी नाही ती ठळक छापायची, आणि मध्ये प्रवाशाला निवांत बसायला सांगायचे. कराराने ठरवलेल्यापेक्षा वाहकाची जबाबदारी कमी करणारी कुठलीही अट रद्दबातल आहे, असे त्याच करारात लिहिलेले आहे. आपल्या कायदा विभागाने ते कलम वाचले नसेल, असे मला वाटत नाही.

विमानतळावरचा अहवाल हीच लेखी तक्रार, असे बहुतेक प्रवासी धरून चालतात. तसे धरणे जोखमीचे आहे. त्या अहवालावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की याने कंपनी कोणतीही जबाबदारी मान्य करत नाही. त्या कागदाचा खरा उपयोग बॅग शोधण्यासाठी आहे. भरपाईची मागणी स्वतंत्रपणे, लेखी, तारीख घालून करावी लागते. मी ती ई-मेलने केली होती, म्हणून आपल्या विभागाला माझा दावा दारातच परतवता आला नाही.

दुसरी तक्रार पावत्यांची आहे, आणि ती थोडी विस्ताराने सांगते. आपल्या अर्जातल्या सामानाच्या यादीला वस्तू, नग, रंग, कंपनी, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि पावती असे रकाने आहेत. शेवटच्या तिन्हींपुढे लाल तारा आहे. पावतीची फाइल जोडली नाही तर ती ओळ लाल होते आणि ‘पुढे’ हे बटण दाबलेच जात नाही. माझ्या यादीतली पहिली वस्तू माझ्या आईची पैठणी होती. ती येवल्याहून आणली होती, एवढेच मला ठाऊक आहे. तिची खरेदीची तारीख मी काय लिहायची, आणि पावती कुठून आणायची? देवघरातली जोड-समई, घरी केलेला गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, नातवासाठी विणलेले स्वेटर यांच्या पावत्या कोणाकडे असतात? रोजच्या वापरातल्या कपड्यांच्या तरी किती जणांकडे असतात?

कायद्यात पावतीची सक्ती नाही. नुकसान किती झाले हे प्रवाशाने दाखवायचे असते, हे मला मान्य आहे, आणि करारातली कमाल रक्कम प्रत्येकाला आपोआप मिळत नाही हेही मान्य आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०२० मध्ये नेमके हेच सांगितले : ती रक्कम ही वरची मर्यादा आहे, ठरीव भरपाई नव्हे. मात्र त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले की सगळी परिस्थिती एकत्र पाहताना बॅगेचे वजन किती होते, ती जाताना हरवली की परतताना, अशा गोष्टीही विचारात घेता येतील. हा निकाल भारतात बंधनकारक नाही. तरीही मजकूर तोच असलेल्या कराराचा तो एक समंजस अर्थ आहे, आणि विम्याच्या व्यवसायात आम्ही वर्षानुवर्षे तेच करत आलो. घरफोडीच्या दाव्यात आजीच्या पाटल्यांची पावती कोणी मागितली, तर वरिष्ठ त्यालाच झापत. आम्ही फोटो पाहायचो, बँकेचे उतारे पाहायचो, वस्तू त्या घरात असण्याजोगी आहे का ते पाहायचो, वापरानुसार घसारा लावायचो आणि एक वाजवी आकडा ठरवायचो. मुलाच्या लग्नात मी ती पैठणी नेसले होते, त्याचे फोटो माझ्याकडे आहेत. आपल्या अर्जात फोटो जोडायला जागाच नाही.

यजमानांनी शेवटी त्या रकान्यांत कोरे पान स्कॅन करून जोडले आणि शेऱ्यात ‘पावती उपलब्ध नाही, अंदाजे मूल्य’ असे लिहिले, तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकला. त्याच्या उत्तरात आपण लिहिले, की ‘ग्राह्य कागदपत्रे न जोडल्यामुळे खालील वस्तू वगळण्यात येत आहेत’. त्या ‘खालील वस्तूं’त जवळजवळ सगळीच बॅग होती.

तिसरी तक्रार आपल्या अर्जातल्या एका प्रतिज्ञेची आहे. सहीच्या वर छापले आहे : ‘यादीतील सर्व वस्तू टॅगवर नाव असलेल्या प्रवाशाच्या एकट्याच्या मालकीच्या आहेत.’ आमच्या न आलेल्या बॅगेचा टॅग यजमानांच्या नावाचा होता. तो तसा का होता? कारण काउंटरवर एकत्र गेलेल्या कुटुंबाच्या सगळ्या बॅगा आपले कर्मचारी सोयीसाठी एकाच प्रवाशाच्या नावावर काढतात. आम्ही तसे मागितले नव्हते, आणि कोणी विचारलेही नव्हते. नवरा-बायको, आई-मुले एकमेकांच्या बॅगांत सामान भरतात. एक बॅग चुकली तरी दोघांकडे थोडे कपडे असावेत म्हणून मुद्दाम मिसळून भरतात, आणि तोच सल्ला सगळे अनुभवी प्रवासी देतात. म्हणजे आपली प्रतिज्ञा आमच्यासारख्या कुठल्याही कुटुंबाला प्रामाणिकपणे सही करून देता येणार नाही. सही केली तर ती खोटी, आणि अर्जात खाली लगेच खोटी माहिती दिल्यास कारवाई होईल अशी ताकीद आहे. सही केली नाही तर अर्ज अपूर्ण.

आम्ही प्रतिज्ञेतला तो भाग खोडून खरे ते लिहिले, तर आपण माझ्या साड्या आणि कपडे ‘अन्य व्यक्तीच्या वस्तू’ म्हणून वगळले. ती अन्य व्यक्ती त्याच विमानात शेजारच्या आसनावर होती आणि तिचे तिकीट त्याच आरक्षणात होते. करारातली भरपाईची मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे आहे, बॅगेमागे किंवा टॅगमागे नाही. युरोपीय संघाच्याच न्यायालयापुढे २०१२ मध्ये असे प्रकरण आले होते. बार्सिलोनाहून पॅरिसला गेलेल्या चौघांच्या कुटुंबाच्या दोन बॅगा हरवल्या होत्या. न्यायालयाने म्हटले, की दुसऱ्या प्रवाशाच्या नावे दिलेल्या बॅगेत आपल्या वस्तू होत्या हे ज्याला दाखवता येईल, तो प्रवासी स्वतःच्या हक्काने भरपाई मागू शकतो. आम्हीही एवढेच मागितले होते : यादी एक, पण दावे दोन, प्रत्येकाचा आपापल्या वस्तूंपुरता. आपल्या संगणकात एका टॅगवर दोन दावे नोंदवायची सोय नाही, असे उत्तर आले.

आता हिशेबाकडे येते, कारण खरा प्रकार तिथे उघड होतो. आमच्या यादीत माझ्या वस्तू चाळीस हजारांच्या होत्या : पैठणी बावीस, दोन सुती साड्या पाच, शाल चार आणि बाकीचे कपडे नऊ. यजमानांच्या पंचवीस हजारांच्या : कपडे तेरा, बूट साडेचार आणि जादाचा चष्मा साडेसात. सामायिक वस्तू एकवीस हजारांच्या : बॅग सहा, समई व भांडी पाच, नातवासाठी नेलेले कपडे सहा आणि खाण्याचे जिन्नस चार. एकूण शहाऐंशी हजार. हे आकडे मी घसारा लावूनच धरले होते, आणि कमीच धरले होते. विम्याची सवय सुटत नाही.

करारातली मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एस.डी.आर. आहे. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे, डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड यांच्या दरांवरून त्याचे मूल्य रोज ठरते, आणि रुपयांत ही मर्यादा साधारण पावणेदोन लाखांच्या पुढेमागे जाते. म्हणजे आमचा दोघांचा मिळून दावा एका प्रवाशाच्या मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास होता.

आपण काय देऊ केले? बॅगेचे वजन बावीस किलो, दर किलोमागे वीस डॉलर, म्हणून चारशे चाळीस डॉलर. किलोमागे वीस डॉलर हा हिशेब त्याआधीच्या, १९२९ च्या वॉर्सा कराराच्या परंपरेतला आहे. जिथे दोन्ही देश मॉन्ट्रियल करारात आहेत तिथे सामानाच्या भरपाईची मर्यादा वजनावरून ठरत नाही. बॅगेत बावीस किलो पुस्तके आहेत की बावीस किलो साड्या, याने मर्यादा बदलत नाही. तरीही आपला अर्ज वजन विचारतो, त्यापुढे लाल तारा आहे, आणि ते लिहिल्यावर काय होते ते आता आम्हाला कळले आहे. विशेष म्हणजे ते बावीस किलोसुद्धा खरे नाहीत. काउंटरवर दोन्ही बॅगांचे एकत्र वजन चव्वेचाळीस नोंदले गेले होते, त्याचे आपण निम्मे केले. आमची न आलेली बॅग मोठी होती.

एवढ्यावर ते थांबले नाही. टोरंटोत फेब्रुवारीत उतरलेल्या माणसाला गरम कपड्यांशिवाय घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. पहिल्या दोन दिवसांत आम्ही जाकिटे, बूट, रात्रीचे कपडे असे तीनशे चाळीस कॅनडियन डॉलरचे आणि साबण, ब्रश वगैरे चाळीसचे सामान घेतले. याच्या पावत्या होत्या. आपण किरकोळ सामानाचे पूर्ण चाळीस दिले आणि कपड्यांचे निम्मे, म्हणजे एकशे सत्तर. निम्मे का, तर ‘कपडे आपल्याकडेच राहणार आहेत, आणि आपले मूळ सामान परत मिळणार आहे’ असे पत्रात कारण दिले. हे कारण तेव्हा मला पटले होते. बॅग परत आली असती तर ते वाजवीच होते. मूळ सामान मात्र परत मिळाले नाही. अंतिम हिशेबात आपण काय केले, तर दिलेले दोनशे दहा कॅनडियन डॉलर, म्हणजे अमेरिकी चलनात सुमारे दीडशे, त्या चारशे चाळीसमधून वजा केले आणि दोनशे नव्वद डॉलर देऊ केले. दुहेरी भरपाई मलाही नको आहे. जाकिटाचे पैसे तातडीच्या खर्चात घेतले असतील तर तेच जाकीट हरवलेल्या यादीत मी धरणार नाही, आणि धरलेलेही नाही. पण मूळ सामान येणार म्हणून एकदा निम्मे कापायचे, आणि ते आले नाही म्हणून दिलेले निम्मेही पुन्हा कापायचे, हे हिशेबाच्या कुठल्या नियमात बसते ते आपण लेखी कळवावे.

शहाऐंशी हजारांच्या दाव्यासमोर हातात येणार होते पंचवीस हजारांच्या आसपास. त्यासोबत सहीसाठी एक पान होते. ‘ही रक्कम पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून स्वीकारत असून यापुढे कंपनीविरुद्ध कोणत्याही न्यायालयात वा प्राधिकरणापुढे दावा करणार नाही.’ बँकेचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड लिहायची जागा त्याच पानावर, सहीच्या वर. पैसे हवेत तर सही आलीच. जे वाचतात ते थांबतात. आमच्या इमारतीतल्या एका काकांनी मागे असाच कागद बँकेचा फॉर्म समजून भरला होता, आणि ते काही अडाणी नाहीत, त्यांनी आयुष्यभर शिक्षकी केली आहे. ज्या रकमेबद्दल वाद नाही ती अंशतः देणे म्हणून द्यावी आणि उरलेल्याचा वाद खुला ठेवावा, ही पद्धत दाव्यांच्या व्यवहारात नवी नाही. यजमानांनी ‘हक्क राखून स्वीकारले’ असे लिहून सही केली. आपण पान परत पाठवले.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिच्याबद्दल आपल्या अर्जात एक शब्दही नाही. आपला अर्ज आम्हाला बॅगेचा हँडल कुठल्या रंगाचा होता इथपासून ‘यापूर्वी कुठल्या विमान कंपनीकडे दावा केला आहे काय’ इथपर्यंत सगळे विचारतो. बॅग शेवटची कुठे दिसली, हे मात्र आपण आम्हाला सांगत नाही, आणि ते आपल्याला माहीत असते. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, आयाटाचा, ठराव क्रमांक ७५३ जून २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार सभासद कंपन्यांनी बॅगेची नोंद चार टप्प्यांवर ठेवायची आहे : प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, मधल्या विमानतळावर दुसऱ्या विमानाकडे सोपवताना, आणि प्रवाशाला परत देताना. टॅगवरचा दहा आकडी क्रमांक याच कामासाठी असतो. मुंबईत ती विमानात चढली का, आखातात उतरली का, तिथून टोरंटोच्या विमानात गेली का, या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्या पडद्यावर आहेत. आम्ही ती लेखी मागितली. ‘ही अंतर्गत कार्यपद्धतीची माहिती आहे’ असे उत्तर मिळाले.

या नोंदींचे महत्त्व नुसत्या कुतूहलापुरते नाही. बॅगेला उशीर झाला असेल, तर ‘शक्य ते सर्व वाजवी उपाय आम्ही केले होते’ असे दाखवून वाहकाला सुटता येते, तशी सोय करारात आहे. ती सोय वापरायची असेल तर बॅग कुठे व का अडली हे आपल्यालाच दाखवावे लागेल. बॅग हरवली असेल, तर तीही सोय उरत नाही. सोपवलेले सामान आपल्या ताब्यात असताना गेले एवढे पुरते, आपली चूक होती का हा प्रश्नच येत नाही. मग ‘सामान हरवण्यास कारणीभूत ठरू शकेल असे आपल्याकडून काही घडले काय’ हा रकाना आपल्या अर्जात कशासाठी आहे? बॅगेला नाव-पत्ता होता का, जुने टॅग काढले होते का, कुलूप कोणते होते, असे उपप्रश्न त्याखाली आहेत. शोधासाठी हे प्रश्न ठीक आहेत, आणि ते विमानतळावरच्या अहवालात विचारले गेलेही होते. भरपाईच्या अर्जात ते पुन्हा येतात, तेव्हा ते दाव्यातून काही टक्के कापण्याची तयारी असते. हे मी अनुभवाने सांगते.

एक मुद्दा ओझरता. मौल्यवान वस्तू बॅगेत ठेवायच्या असतील तर सामान देतानाच जास्त मूल्य घोषित करून, लागल्यास जादा आकार भरून, मर्यादा वाढवून घेता येते, अशी तरतूद त्याच करारात आहे. मुंबईच्या काउंटरवर परतल्यानंतर मी सहज चौकशी केली. असा काही अर्ज असतो हे तिथल्या कोणालाच माहीत नव्हते.

आता मागण्या. सामान उशिरा आल्याच्या पहिल्याच संदेशात दोन्ही मुदती स्पष्ट लिहाव्यात : बॅग मिळाल्यापासून उशिरासाठी एकवीस आणि मोडतोडीसाठी सात दिवसांत लेखी तक्रार करावी, आणि एकवीस दिवसांत बॅग न आल्यास ती हरवली असे धरून दावा करता येतो. ‘कोणत्याही कृतीची आवश्यकता नाही’ हे वाक्य काढून टाकावे. हरवलेल्या सामानाच्या अर्जावरची एकवीस दिवसांची खोटी मुदत हटवावी. पावतीपुढचा लाल तारा काढावा आणि फोटो, खात्याचे उतारे व स्वयंघोषणा जोडायला जागा द्यावी. एकट्याच्या मालकीची प्रतिज्ञा रद्द करून, एका बॅगेवर त्याच आरक्षणातल्या प्रत्येक प्रवाशाला आपला दावा नोंदवता यावा. आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या भरपाईत वजनाचा गुणाकार बंद करावा. वादातीत रक्कम विनाअट द्यावी आणि खाते क्रमांकाचे पान तडजोडीच्या पानापासून वेगळे करावे. आणि प्रत्येक दावेदाराला त्याच्या टॅगच्या नोंदी, टप्पा, ठिकाण व वेळ यांसह, मागता क्षणी मिळाव्यात.

महासंचालनालयाला माझी विनंती वेगळी आणि लहान आहे. देशांतर्गत प्रवासासाठी प्रवाशामागे वीस हजार रुपयांची मर्यादा आहे, ती प्रवासी सनदेत छापलेली आहे, चांगली गोष्ट आहे. कंपन्यांचे दावा-अर्ज मात्र कोणी तपासते असे दिसत नाही. भारतात तिकीट विकणाऱ्या प्रत्येक कंपनीचा अर्ज मागवून कराराशी ताडून पाहावा, आणि विसंगत रकाने काढायला लावावेत.

माझ्या प्रकरणापुरते सांगते. तिकीट मुंबईत काढलेले आहे आणि जाण्या-येण्याच्या तिकिटात अंतिम गंतव्यस्थानही मुंबईच ठरते, त्यामुळे आपण सुचवल्याप्रमाणे परदेशातल्या आपल्या मुख्यालयाच्या गावी दाद मागायला जाण्याची मला गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी जिथे राहते तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. दोन वर्षांची मुदत अजून शिल्लक आहे. तक्रारीचा मसुदा तयार आहे, त्याला आपली सर्व पत्रे, परत पाठवलेले पान आणि त्या कोऱ्या कागदाची स्कॅन प्रत जोडलेली आहे. या पत्राला तीस दिवसांत लेखी उत्तर, आणि त्यासोबत टॅगच्या नोंदी, आल्या नाहीत तर तो मसुदा दाखल होईल.

आपली,
एक प्रवासी
डोंबिवली (पूर्व)